मेट्रोचा नकाशा रंगांधळ्या डोळ्यांनी वाचून बघू

आजच्या भागात एकच काम करायचंय: मेट्रोचा मार्ग-नकाशा तपासायचा. उदाहरण दिल्लीचं घेतो. तिथल्या लाइन्सची नावंच रंगांवर आहेत: रेड, यलो, ब्लू, ग्रीन, व्हायोलेट, पिंक, मॅजेंटा, ग्रे. म्हणजे रंग ओळखता आला नाही तर लाइनचं नावही हातातून गेलं.

इंद्रलोक स्टेशन डोळ्यांसमोर आणा. इथे रेड आणि ग्रीन भेटतात. रेड पुढे कन्हैया नगर, केशवपुरमकडे जाते, तर ग्रीन अशोक पार्क मेन, पंजाबी बागकडे. लाल-हिरव्याच्या रंगांधळेपणात नेमकी हीच जोडी घसरते. हा रंगांधळेपणा मुख्यतः दोन प्रकारचा असतो. ड्यूटनमध्ये हिरव्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशी नसतात किंवा बिघडलेल्या असतात, प्रोटनमध्ये लालच्या.

मी वेब डिझाइनमधला साधा लाल `#FF0000` आणि हिरवा `#008000` घेऊन दोन्हींचं सिम्युलेशन चालवलं. पूर्ण ड्यूटन नजरेला दोन्ही खाकी दिसतात, त्यात लाल थोडा उजळ. गंमत पुढे आहे. प्रोटन नजरेलाही दोन्ही खाकीच, पण इथे लाल जास्त गडद! म्हणजे ‘गडद असेल ती ग्रीन लाइन’ असा नियम केला, तर एका प्रकाराला तो बरोबर पडतो आणि दुसऱ्याला बरोब्बर उलटा.

मग खात्री कशी करायची? अँड्रॉइडमध्ये `Build number` वर सात वेळा टॅप केलं की `Developer options` उघडतं. तिथे `Simulate color space` शोधा आणि आधी ड्यूटरॅनोमली, मग प्रोटॅनोमली लावून नकाशा बघा. `Accessibility` मधलं `Color correction` मात्र वापरू नका. ते रंग दुरुस्त करायला आहे, तुम्हाला रंगांधळ्याची नजर द्यायला नाही. आयफोनवाल्यांनी `Color Filters` मध्ये `Grayscale` लावा. ही चाचणी कडक आहे, पण ज्या लाइन्स करड्यातही ठळकपणे वेगळ्या दिसतात त्या बहुतेकांना वेगळ्या दिसतात.

आकड्यात बोलायचं तर वेबच्या सुलभतेच्या नियमांत चित्रातल्या महत्त्वाच्या भागाला शेजारच्या रंगाशी किमान ३:१ कॉन्ट्रास्ट लागतो. वरच्या लाल-हिरव्याचा येतो जेमतेम १.३. निळा `#0000FF` आणि जांभळा `#800080` यांचा तर १.१, आणि मंडी हाउसला ब्लू-व्हायोलेट एकमेकींना छेदतात. नऊ-दहा रंग एकमेकांपासून ३:१ दूर ठेवणं गणितानेच जमत नाही. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सगळी मिळून २१:१ एवढीच जागा आहे, त्यात तीन-तीनपटीच्या उड्या किती बसणार? म्हणून रंगाला दुसरी खूण जोडावीच लागते: लाइनवर ठरावीक अंतराने नाव किंवा नंबर, नाहीतर रेषेतच पट्टे आणि ठिपके. लंडनची मेट्रो पट्ट्यांचा कृष्णधवल नकाशा वेगळा देते. मला मात्र नाव थेट रेषेवर लिहिणं जास्त पटतं. कोपऱ्यातल्या सूचीकडे नजर न्यावी लागली की रंग पुन्हा जुळवत बसावं लागतं.

आता स्टेशनांची नावं. इथे देवनागरीचं स्वतःचं दुखणं आहे. ‘कीर्ती नगर’मध्ये वर वेलांटी आणि रफार, ‘पंजाबी बाग’मध्ये अनुस्वार, दुसरीकडे खाली उकार. त्यामुळे इंग्रजीइतक्याच साइजला ओळ जास्त उंच लागते. समजा आडव्या लाइनवर स्टेशनं ८ मिलिमीटरवर आहेत. ‘नोएडा इलेक्ट्रॉनिक सिटी’ तिथे आडवं मावणारच नाही, म्हणून ते ४५ अंशांत तिरकं करतात. पण तिरकं केल्यावर दोन नावांमधलं लंब अंतर ८ राहत नाही, ८ × ०.७०७ म्हणजे साधारण ५.७ मिलिमीटर उरतं. मात्रांसकट ४ मिलिमीटरची एक ओळ त्यात बसते, पण नाव दोन ओळींत मोडलं की ८ लागतात आणि शेजाऱ्यावर चढतं. आणखी एक बघा: नावापासून त्याच्या ठिपक्याचं अंतर पुढच्या ठिपक्याच्या निम्म्याहून कमी हवं. नाहीतर नाव कुणाचं, हाच प्रश्न पडतो.

राहिला कोन. १९३३ मध्ये लंडनमध्ये छापलेल्या हॅरी बेकच्या नकाशापासून आडवं, उभं आणि ४५ अंश हीच रीत बऱ्याच शहरांनी उचलली. दुसरा कोन वापरायला हरकत नाही, पण मग तो सगळीकडे पाळा. चाळीस रेषा ४५ वर आणि एकच ३८ वर असली, की डोळा तिथे थबकतो आणि त्या तिरकेपणाला काहीतरी अर्थ असेल असं समजतो. तपासायला स्क्रीनशॉट काढा, फोटो एडिटरमध्ये ४५ अंश फिरवा. सगळ्या तिरक्या रेषा ग्रिडला समांतर यायला हव्यात. नावंसुद्धा एकाच बाजूला झुकलेली हवीत. काही डावीकडे आणि काही उजवीकडे झुकली, की वाचताना मान दोन्हीकडे वळते.

सिम्युलेशन मोड बंद करायला विसरू नका हां, नाहीतर दिवसभर सगळे फोटो खाकी दिसतील.