एका बॅगेची तीन चित्रे

बॅग एक, सामान एक आणि भरणारे हात मात्र तीन! पुण्याहून बंगळूरला चार दिवस जायचे. बरोबर चार साड्या, तीन पंजाबी पोशाख, टॉवेल, चपलांचा जोड, दोन पुस्तके आणि फराळाचे दोन गोल स्टीलचे डबे. माझी बहीण, मेहुणे आणि भाची या तिघांनी आळीपाळीने तीच बॅग भरली आणि फोनवर तिचे फोटो काढले. यादी व बॅग तीच असेल तरच अशा तुलनेला अर्थ. नाही तर ज्याचे सामान कमी, त्याचीच बॅग नीटस दिसायची.

फोटो काढण्याचीही एक रीत आहे. बॅग जमिनीवर आडवी ठेवून बरोबर वरून फोटो घ्यावा, चाकांची बाजू दर वेळी खालच्या अंगाला असावी आणि शेजारी एक फूटपट्टी ठेवावी. वरचा थर काढून आणखी एक फोटो घ्यावा, कारण वरून पाहणाऱ्याला खोली दिसत नाही. वरचा देखणा थर खालच्या पोकळ्या झाकून टाकतो.

पहिल्या फोटोतली बहिणीची बॅग पाहताच कोणीही वाहवा करील. साड्यांच्या घड्या चळतीने रचलेल्या आणि उतरल्याबरोबर हाती लागावेत म्हणून डबे मुठीच्या बाजूला. पण थर काढल्यावर दोन गोष्टी दिसल्या. गोल डबा चौकोनी जागेत बसवला की त्या चौकोनाचा सुमारे पाचवा हिस्सा कोपऱ्यांत रिकामा राहतो आणि हे कोपरे तसेच होते. शिवाय मुठीच्या दांड्यांमुळे तळाला जे दोन उंचवटे येतात, त्यांच्या मधली पन्हळही रिकामीच होती.

वजनाचे दुखणे याहून मोठे. "मामा, फोटोत जे वर दिसतं ते प्रवासात वर नसतं," भाची म्हणाली. तिचे म्हणणे खरे होते. बॅग उभी केली की चाकांची बाजू तळ होते आणि मुठीची बाजू माथा. डबे माथ्यावर असले तर बॅग टेकवताच कलंडू पाहते आणि दोन चाकांवर तिरपी ओढताना तो भार आपल्या मनगटावर येतो.

हे फोटोवरून ताडता येते. पण खात्रीसाठी घरातला वजनकाटा पुरे. आडव्या बॅगेचे एक टोक काट्यावर आणि दुसरे तेवढ्याच उंचीच्या पुस्तकांवर ठेवायचे, मग टोके बदलायची. दोन्ही आकड्यांची बेरीज म्हणजे बॅगेचे वजन. बहिणीच्या बॅगेत चाकांकडे ५.६ किलो व मुठीकडे ८.६ किलो भरले. भाचीच्या बॅगेत चाकांकडे ९ आणि मुठीकडे ५.२. बेरीज दोन्हीकडे १४.२ किलोच! रचना बदलून वजन घटत नाही. तिकिटावरची मर्यादा १५ किलोंची असेल तर सामानच मोजून घ्यावे लागते.

मेहुण्यांनी सगळ्या कपड्यांच्या गुंडाळ्या केल्या, डबे चाकांकडे ठेवले आणि बोट शिरायला जागा उरू दिली नाही. जागेच्या हिशेबात पहिला नंबर त्यांचाच. पण टॉवेल तळाशी गेला होता. तो काढायला किती वस्तू उचलाव्या लागतात ते आम्ही मोजले, तर आठ! शिवाय रेशमी साडीचीही गुंडाळी झाल्याने तिला चुण्या पडल्या, त्या वेगळ्याच.

भाचीने डबे चाकांकडे ठेवून त्यांच्या कोपऱ्यांत मोजे व रुमाल कोंबले. पन्हळीत परकर बसवले. पोशाखांच्या गुंडाळ्या फळीवरच्या पुस्तकांसारख्या उभ्या लावल्या, म्हणजे प्रत्येकीची कड वरून दिसते आणि हवी ती एकटी उपसता येते. त्यांच्यावर साड्या सपाट पसरल्या आणि टॉवेल व रात्रीचे कपडे मुठीकडे अगदी वर ठेवले. टॉवेल काढायला काहीच उचलावे लागले नाही. हवाई प्रवासात औषधे आणि फोनचा पॉवर बँक मात्र या बॅगेत नकोत. ती हातातल्या पिशवीत हवीत. पॉवर बँकेबाबत तर तो नियमच आहे.

तिन्ही बॅगा जिन्यावरून खाली-वर आणि गल्लीतून एक फेरी अशा ओढून आणल्या आणि उघडताच पुन्हा फोटो घेतले. बहिणीच्या बॅगेत डबे घसरून साड्यांवर रेलले होते आणि मुठीकडे चार बोटांची पोकळी पडली होती. भाचीच्या बॅगेत फक्त वरच्या साडीची कड सरकलेली. निघतानाचा फोटो बॅग कशी दिसते ते सांगतो. उघडतानाचा फोटो ती कशी भरली होती ते सांगतो. दिवाळीनंतर फराळाचे डबे घेऊन निघाल, तेव्हा हे दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहा.