एका खात्यावर सगळं घर

मे महिन्याची सुट्टी संपते, भाचरंडं आपापल्या गावी जातात, आणि सकाळी चहा टाकताना लावलेल्या ‘डेली मिक्स’मधून कुमार गंधर्वांच्या जागी बालगीतं ऐकू येतात. मग ‘ॲप बिघडलं’ अशी समजूत होते. खरं तर ॲप त्याचं काम चोख करत असतं. त्या खात्यावर जे वाजलं ते खातेदाराने ऐकलं, एवढंच त्याला कळतं. खोलीत कोण बसलं होतं, हे त्याला दिसत नाही. ही घडी पुन्हा नीट बसवता येते. मात्र त्यासाठी हे मिक्स तयार कसं होतं, हे आधी थोडं समजून घ्यावं लागतं. इथे स्पॉटिफायचं उदाहरण घेऊ. भारतात ही सेवा 2019 साली आली, आणि तिचे डेली मिक्स त्याआधी 2016 पासून सुरू आहेत.

स्पॉटिफायवर कोट्यवधी लोकांनी आपापल्या प्लेलिस्ट बनवल्या आहेत. दोन गाणी अनेकांच्या याद्यांमध्ये पुन्हा पुन्हा शेजारी येत असतील, तर ती एकमेकांच्या जवळची मानली जातात. त्यासाठी त्यांचा राग, ताल किंवा भाषा कळण्याची गरज नसते. लोकांनी ती एकत्र ठेवली, एवढं पुरतं. या हिशोबातून प्रत्येक गाण्याला एका अवाढव्य नकाशावर जागा मिळते. मालिनी राजूरकरांचा टप्पा आणि वीणा सहस्रबुद्धे यांचं भजन त्यावर जवळजवळ असतील, आणि एखादं इंग्रजी रॅप फार दूर. नव्याकोऱ्या गाण्याला अजून कुणीच शेजार दिलेला नसतो. तिथे प्रत्यक्ष ध्वनीचं विश्लेषण उपयोगी पडतं. त्यासाठी लागणारं बरंचसं कौशल्य स्पॉटिफायने 2014 साली ‘एको नेस्ट’ ही कंपनी विकत घेऊन मिळवलं.

आता आपण ऐकलेली गाणी या नकाशावर ठिपक्यांसारखी मांडून पाहा. ती सगळीकडे विखुरत नाहीत, त्यांचे पुंजके होतात. एक पुंजका शास्त्रीय गायनाचा, एक भावगीतांचा, एक सत्तरच्या दशकातल्या हिंदी सिनेमाचा. साधारणपणे प्रत्येक पुंजक्यामागे एक मिक्स तयार होतं आणि जास्तीत जास्त सहा मिक्स दिसतात. त्यात बरीचशी ओळखीची गाणी असतात, आणि त्यांच्या शेजारची काही अनोळखी.

हे पुंजके कसे बनतात हे कळलं, की बिघाडही वाचता येतो. समजा, ठाण्यातलं एक घर आहे. दिवाणखान्यातला स्मार्ट स्पीकर सुनेच्या खात्याला जोडलेला आहे. ती रोज तासभर ख्याल ऐकते, म्हणजे अर्ध्या अर्ध्या तासाचे दोन ट्रॅक. सुट्टीत आलेला भाचा संध्याकाळी तासभर बालगीतं लावतो. दोन मिनिटांचं एक गाणं धरलं तर तासाला तीस होतात. दोन आठवड्यांनी हिशोब असा दिसतो: ख्याल अठ्ठावीस वेळा, बालगीतं चारशेवीस वेळा. दोघांनी घालवलेला वेळ मात्र अगदी सारखा.

शिफारशींच्या या पद्धतीचं गणित मूळ मांडणीत गाणं किती वेळा वाजलं या आकड्यावर उभं आहे. तो आकडा जसाच्या तसा घेत नाहीत, दाबून घेतात. शंभराव्यांदा वाजलेल्या गाण्याला पहिल्या वेळेइतकं वजन मिळत नाही. तरीही चारशेवीस आणि अठ्ठावीस यांतली दरी पूर्ण बुजत नाही. ख्याल ऐकणाऱ्यांवर हा अन्यायच आहे असं मला वाटतं. ही पद्धत तीन-चार मिनिटांच्या गाण्यांच्या जगात वाढली, आणि आपल्याकडचं विलंबित एकतालातलं गाणं तिच्या लेखी फक्त ‘एकदा वाजलेलं’ ठरतं.

भर म्हणून मुलं गाणी पुढे ढकलत नाहीत. मोठी माणसं नको ते गाणं पाच-दहा सेकंदांत बदलतात, आणि तो नकाराचा स्पष्ट इशारा असतो. पोराला तेच गाणं ‘परत लाव’ असं हवं असतं, आणि ते शेवटपर्यंत वाजतं. ॲपच्या दृष्टीने ही गाढ आवड झाली.

तरीही बालगीतांचा बिघाड सोपा असतो. ती नकाशावर ख्यालापासून इतकी लांब असतात, की त्यांचा वेगळा पुंजका पडतो. एखादं मिक्स संपूर्ण बालगीतांचं होतं, पण बाकीचे शाबूत राहतात. एखादा मागे सरकतो किंवा सहाच्या बाहेर जातो, इतकंच.

अवघड प्रकार दुसरा आहे. त्याच घरात आषाढात सासूबाई रोज पहाटे पंडित भीमसेन जोशींचे अभंग लावतात, आणि सून त्याच भीमसेनांचे ख्याल ऐकते. गायक एक, ऐकणारा वर्गही बराचसा एक, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच पुंजक्यात जाऊन बसतात. मग शास्त्रीय गायनाच्या मिक्समध्ये अभंग येतात, त्यांच्या मागोमाग इतर गायकांचे अभंग, आणि हळूहळू आरत्या. इथे ‘हा कलाकार नको’ हा पर्याय वापरू नये. अभंग जातील, पण त्याच फटक्यात ख्यालही जातील.

म्हणून काही करण्याआधी सगळे मिक्स उघडून नुसत्या याद्या वाचाव्यात. परकी गाणी एकाच मिक्समध्ये कोंडलेली आहेत की आपल्या गाण्यांत मिसळली आहेत, हे लगेच दिसतं. फक्त वाचाव्यात, वाजवू नयेत. बिघडलेलं मिक्स ‘बघू तरी’ म्हणून लावून ठेवलं, तर तेही ऐकणं म्हणून जमा होतं, आणि उद्याचं मिक्स त्याच दिशेला आणखी थोडं झुकतं.

दुरुस्तीत पहिलं काम उगम बंद करण्याचं. वरच्या घरात ते अगदी साधं आहे: स्पीकर सुनेच्या खात्यातून काढायचा. एकाहून अधिक जणांसाठीच्या योजनेत प्रत्येकाला स्वतंत्र खातं मिळतं, आणि सासूबाईंचं किंवा घरासाठी म्हणून ठेवलेलं एखादं खातं स्पीकरला जोडता येतं. अनेक घरांत अशी योजना असते, तरी सगळे एकाच खात्यावर ऐकत असतात, कारण स्पीकर पहिल्या दिवशी ज्याच्या फोनवरून जोडला त्याचाच राहून जातो. गाडीतही हेच घडतं. ब्लूटूथला ज्याचा फोन जोडलेला असतो, त्याच्या खात्यावर सगळ्यांची फर्माईश जमा होते.

दुसरं काम झालेल्याचं वजन उतरवण्याचं. स्पॉटिफायवर ऐकण्याचा इतिहास पुसता येत नाही, पण एखादी प्लेलिस्ट आपल्या आवडीच्या हिशोबातून वगळता येते. प्लेलिस्टच्या तीन ठिपक्यांच्या मेनूत `Exclude from your taste profile` असा पर्याय असतो. 2023 पासून ही सोय आहे. भाच्याची सगळी गाणी एका प्लेलिस्टमध्ये घालायची, ती वगळायची, आणि पुढच्या सुट्टीत त्याला तीच लावून द्यायची. इथे एक बारकावा हमखास सुटतो. वगळली जाते ती प्लेलिस्ट. त्यातलंच गाणं नाव शोधून किंवा अल्बममधून लावलं, तर ते नेहमीसारखं हिशोबात जातं. म्हणून वाजवणाऱ्याला सवय लावावी लागते: शोधायचं नाही, यादीतूनच लावायचं. कुणी एखादं गाणं `Liked Songs` मध्ये टाकून ठेवलं असेल तर तेही काढावं, कारण जतन केलेलं गाणं ही पसंतीची ठळक खूण असते.

सासूबाईंच्या अभंगांनाही हाच उपाय चालतो आणि तोच योग्य आहे. कलाकाराला हात न लावता फक्त अभंगांची यादी बाजूला होते.

पाहुणे एकाच संध्याकाळपुरते येणार असतील तर एवढा खटाटोप नको. सेटिंग्जमध्ये `Private session` सुरू केलं, की त्या काळातल्या ऐकण्याचा शिफारशींवर सहसा परिणाम होत नाही. पण ते कायमचं सुरू राहत नाही. बराच वेळ काही वाजलं नाही की आपोआप बंद होतं. रात्रीच्या जेवणाला सुरू केलेलं दुसऱ्या दिवशीही चालू असेल, असं धरून चालू नये.

इतर सेवांत वाट थोडी वेगळी आहे. यूट्यूब म्युझिकमध्ये इतिहासातलं एकेक गाणं खरोखर काढून टाकता येतं, आणि इतिहास नोंदवणं काही काळ थांबवताही येतं. ॲपल म्युझिकमध्ये `Use Listening History` हे बटण आहे. मुलाच्या हातात फोन देण्यापूर्वी ते बंद करावं आणि नंतर आठवणीने सुरू करावं. ते बंदच राहिलं तर आपलं स्वतःचं ऐकणंही कुठे पोचत नाही.

तिसरं काम सगळ्यात सुखाचं, आणि तेच सर्वांत जास्त टाळलं जातं: स्वतःचं गाणं मन लावून ऐकणं. नको ते वगळल्याने जागा रिकामी होते, पण ती भरण्यासाठी नवी खूण लागते. सुनेने काही दिवस मिक्सच्या भरवशावर न राहता आपल्या गायकांचे अल्बम स्वतः शोधून लावावेत, आवडलेलं जतन करावं, पूर्ण ऐकावं. तिच्यासाठी आणखी एक सुचवावंसं वाटतं. लांबलचक ख्यालांच्या जोडीला त्याच गायकांच्या छोट्या चिजा, ठुमऱ्या, नाट्यपदंही ऐकावीत. पाच-सहा मिनिटांचे हे ट्रॅक मोजणीत भराभर जमा होतात, आणि नकाशावर ते ख्यालाच्या शेजारीच असतात.

मिक्स रोज ताजा होतो, म्हणून दुसऱ्याच दिवशी फरक दिसेल अशी अपेक्षा असते. गाण्यांचा क्रम आणि निवड बदलते हे खरं, पण पुंजके हलायला काही आठवडे जातात. वर्षानुवर्षांचं जुनं ऐकणं खात्यात साठलेलं असतं, आणि इथे ते आपल्या बाजूने असतं. महिनाभराच्या बालगीतांनी अनेक वर्षांचे ख्याल पुसले जात नाहीत, ते फक्त झाकले जातात. नवीन खात्याला हा आधार नसतो. म्हणून नुकतं उघडलेलं खातं पहिल्या महिन्यात दुसऱ्या कुणाला देऊच नये.

दुरुस्ती कुठवर आली हे ओळखीच्या गाण्यांवरून ठरवू नये, कारण ती सर्वांत आधी परत येतात. मिक्समध्ये आपण कधीच न ऐकलेली जी थोडी गाणी असतात, ती तपासावीत. ख्यालाच्या मिक्समधली अनोळखी नावं अजून आरती-संग्रहांची असतील, तर अभंगांचं वजन उतरलेलं नाही. अशा वेळी एखादा जुना स्पीकर किंवा टीव्ही अजून त्याच खात्याला जोडलेला राहिला आहे का, हे पाहावं. तिथे आधी न ऐकलेल्या गायिकेचा एखादा मारवा किंवा पूरिया दिसू लागला, की पुंजका पुन्हा जागेवर आला.