पाकिटावरचा पत्ता यादीत उतरवताना : ‘मु.’, ‘पो.’ आणि पिनकोडचा गुंता

दिवाळी अंक, वार्षिक अहवाल किंवा सभेची सूचना टपालाने पाठवणाऱ्या संस्थांकडे वर्गणीदारांची जुनी पत्रे गठ्ठ्याने असतात. पत्ते त्यांवरच, पण हाताने लिहिलेले. ते जसेच्या तसे संगणकात टाकले, तर काही अंक ‘अपुरा पत्ता’ असा शेरा घेऊन परत येतात. चूक बहुतेक वेळा दोन ठिकाणी होते : पत्त्याचे तुकडे पाडताना आणि पिनकोड वाचताना.

आधी कोणता पत्ता घ्यायचा?

संस्थेला आलेल्या पोस्टकार्डाच्या उजव्या बाजूला संस्थेचाच पत्ता असतो. वर्गणीदाराचा पत्ता मजकुराच्या वर किंवा शेवटी सहीखाली सापडतो, तर पाकिटावर तो ‘प्रेषक’ म्हणून कोपऱ्यात असतो. तिथे तो नसेल, तर टपालाचा शिक्का पाहावा. शिक्क्यावरील गावाचे नाव हा पुरावा नव्हे, फक्त धागा आहे. कारण पत्र दुसऱ्या गावातूनही टाकलेले असू शकते.

‘मु.’ आणि ‘पो.’ एकच नाहीत

‘मु. पो.’ असे एकत्र लिहिले असेल, तर गाव आणि टपाल कार्यालय एकच. पण ‘मु.’पुढे एक नाव आणि ‘पो.’पुढे दुसरे असेल, तर माणूस पहिल्या गावात राहतो आणि त्याची पत्रे दुसऱ्या गावच्या टपाल कार्यालयातून वाटली जातात. पिनकोड टपाल कार्यालयाचा असतो, गावाचा नव्हे. म्हणून यादीत नाव, घर किंवा गल्ली, गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा आणि पिनकोड असे स्वतंत्र रकाने हवेत. शेवटच्या रकान्यात मूळ पत्ता जसा लिहिला आहे तसा उतरवावा. पुढे शंका आली, तर गठ्ठा पुन्हा उपसावा लागत नाही.

घर क्रमांकाचा रकाना आधीच ‘टेक्स्ट’ प्रकारचा करावा. नाहीतर एक्सेल 12/3 या घर क्रमांकाची तारीख करून टाकते.

चारचा आठ, एकचा नऊ

पिनकोड पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली आणि ती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. त्याआधीच्या पत्रांवर पिनकोड नसणारच. नंतरच्या पत्रांत अडचण येते ती अंकांच्या वळणाची. मराठी ४ हा इंग्रजी 8 सारखा, १ हा 9 सारखा आणि ७ हा 6 सारखा वाचला जातो. एकाच पत्त्यात दोन्ही लिप्यांतले अंक असतील, तर गोंधळ वाढतो.

महाराष्ट्रातील पिनकोड ४० ते ४४ या अंकांनी सुरू होतात. त्यामुळे साताऱ्याच्या पत्त्यापुढे 8 ने सुरू होणारा आकडा आला, तर तो चुकीचा वाचला आहे हे लगेच कळते; ८ हा बिहार-झारखंडचा विभाग आहे.

एक उदाहरण

समजा, पोस्टकार्डावर ‘मु. पो. बावधन, ता. वाई’ एवढेच लिहिले आहे आणि पिनकोडचे शेवटचे अंक शाईने फुटले आहेत. ४१२ तेवढे दिसते. नुसते ‘बावधन’ शोधणारा पुण्याचे बावधन उचलतो आणि 411021 टाकतो. तालुका वाई असल्याने हे बावधन सातारा जिल्ह्यातले आहे, पिनकोड 412803. इथे आणखी एक फसगत होते. ४१२ हे आकडे पुणे ग्रामीण भागात सर्रास दिसतात, म्हणून कुणी जिल्हा ‘दुरुस्त’ करून पुणे लिहितो. पण पहिले तीन आकडे टपालाची वर्गवारी सांगतात, महसुली जिल्हा नव्हे.

तपासणी कशी?

टपाल खात्याची पिनकोड सूची data.gov.in या सरकारी संकेतस्थळावर मिळते. त्यातील महाराष्ट्राच्या ओळी ‘pins’ नावाच्या पानावर ठेवाव्यात. तिथे पिनकोड B रकान्यात आणि आपल्या यादीत तो G रकान्यात असेल, तर सूत्र असे :

```
=COUNTIF(pins!B:B,G2)
```

उत्तर शून्य आले, तर राज्यात तसा पिनकोड नाही. मात्र शून्य आले नाही म्हणजे पत्ता बरोबर, असेही नाही. पिनकोडमध्ये चूक पकडणारा वेगळा अंक नसतो. एक आकडा चुकला, तरी तो दुसऱ्या कुठल्या गावाचा खरा पिनकोड निघू शकतो. म्हणून सूचीतील कार्यालयाचे नाव आणि जिल्हा आपल्या ओळीशी जुळतात का, तेही पाहावे.

जिल्हा जुळला नाही, तर पत्राचे वर्ष पाहावे. पालघर जिल्हा २०१४ मध्ये ठाण्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या पत्रांत वसईपुढे ‘जि. ठाणे’ असणे बरोबरच आहे. उस्मानाबादचे धाराशिव झाल्याने एकाच वर्गणीदाराच्या दोन नोंदी होऊ शकतात. जे पत्ते तरीही जुळत नाहीत, ते अंदाजाने भरू नयेत. त्यांच्यापुढे ‘तपासणे’ लिहून वर्गणीदाराला फोन करावा किंवा जबाबी पोस्टकार्ड पाठवावे.