पाटी हलली, शिरोरेघ शाबूत राहिली

संध्याकाळच्या अंधुक उजेडात स्टँडवरून एसटी सुटते आहे. बाजूच्या पांढऱ्या पाटीवर काळ्या अक्षरांत गावाचे नाव आहे आणि बाजूला उभ्या असलेल्या कोणीतरी मोबाइलवर तिचा फोटो काढला आहे. फोटो हलला आहे. डिजिटल प्रतिमा संस्करणाच्या वर्गात हिस्टोग्राम, फिल्टर आणि कडा यांच्या स्लाइड वेगवेगळ्या दाखवल्या जातात, पण हा एकच फोटो त्या तिन्हींना पुरतो.

फोटोतले रंग काढून फक्त करड्या छटा ठेवल्या, की प्रत्येक पिक्सेल हा ० ते २५५ मधला एक आकडा होतो. ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. एक मीटर लांबीची पाटी या फोटोत सुमारे १५० पिक्सेल रुंद आली आहे, म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला पाटीचा पाऊण सेंटीमीटरहूनही कमी भाग येतो. बस ताशी ७.२ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला दोन मीटर, सरकत होती. शटर सेकंदाचा शंभरावा भाग उघडे होते. तेवढ्यात पाटी दोन सेंटीमीटर पुढे गेली. फोटोच्या मापाने हे अंतर तीन पिक्सेल होते.

हिस्टोग्राम म्हणजे प्रत्येक छटेचे पिक्सेल किती आहेत, याची मोजदाद. या फोटोत जवळजवळ सगळे पिक्सेल ७० ते १५० या पट्ट्यात दाटले आहेत. अंधुक प्रकाशामुळे खरा काळा नाही आणि खरा पांढराही नाही. ७० ला ० आणि १५० ला २५५ मानून मधल्या छटा त्याच प्रमाणात ताणल्या, की फोटो खुलतो. अक्षराचा काळा ८० होता तो ३२ होतो, पाटीचा पांढरा १४० होता तो २२३ होतो. मात्र प्रत्येक फरक ३.१९ पट वाढत असल्याने अंधारातल्या फोटोत असतेच ती कणकणही तितकीच वाढते. शिवाय फोटो खुलला तरी अक्षरे पूर्वीइतकीच हललेली राहतात. हिस्टोग्रामला ‘किती’ कळते, ‘कुठे’ कळत नाही. फोटोतले सगळे पिक्सेल पत्त्यांसारखे पिसून टाकले तरी हिस्टोग्राम तसाच राहील. अस्पष्टपणा हा शेजाऱ्यांमधला मामला आहे, म्हणून त्यासाठी शेजारी पाहणारे साधन लागते.

फिल्टर तेच करतो. तो प्रत्येक पिक्सेलची नवी किंमत आजूबाजूच्या पिक्सेलांवरून ठरवतो. फोटो हलणे हाही एक फिल्टरच आहे, फक्त तो संगणकाने नव्हे तर बसने लावला. शटर उघडे असताना प्रत्येक पिक्सेलवर पाटीचे लागोपाठचे तीन तुकडे पडले आणि त्यांची सरासरी नोंदली गेली. काळ्या अक्षराची उभी कड ओलांडणारी एक ओळ घेऊ. बस थांबलेली असती, तर आकडे असे आले असते:

```
80  80  80  140  140  140
```

प्रत्यक्षात ते असे आले:

```
80  80  100  120  140  140
```

दोन्ही ओळींमध्ये शेजारच्या पिक्सेलांची वजाबाकी केली, की कड म्हणजे काय ते कळते. पहिल्या ओळीत फरक ०, ०, ६०, ०, ० असे येतात, दुसरीत ०, २०, २०, २०, ०. चढ एकूण ६० चाच आहे, पण आधी ती एक पायरी होती, आता उतरण झाली आहे. कडा शोधणारी बहुतेक साधने या वजाबाकीवरच उभी आहेत. ‘फरक ३० हून जास्त असेल तर कड’ असा उंबरठा ठेवला, तर पहिल्या ओळीत कड सापडते आणि दुसरीत सापडत नाही. आधी छटा ताणून घेतल्या, तर २० चे फरक ६४ च्या आसपास जातात आणि कड सापडते खरी, पण एका पिक्सेलऐवजी तीन पिक्सेल जाड. जॉन कॅनी यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या पद्धतीत अशा जाड रेघा बारीक करण्याची स्वतंत्र पायरी आहे, तिथे फक्त सर्वांत मोठा फरक ठेवला जातो. इथे तिन्ही फरक सारखेच असल्याने त्यांतला कोणता ठेवायचा, हा प्रश्न तिलाही पडतो.

वजाबाकी दोन दिशांनी होते: आडवी आणि उभी. देवनागरी पाटीवर ही गोष्ट फार छान दिसते. बस आडवी सरकली, म्हणून काना आणि दांडे यांच्या उभ्या कडा पसरल्या. शिरोरेघ आडवी आहे. ती स्वतःवरूनच सरकली, म्हणून तिची वरची आणि खालची कड शाबूत राहिली, फक्त दोन्ही टोके पुसट झाली. फोकस चुकला असता, तर शिरोरेघही काना-दांड्यांइतकीच विरघळली असती. म्हणजे शिरोरेघ रेखीव आणि काना पसरलेला दिसला, की दोष भिंगाचा नसून आडव्या हालचालीचा आहे हे कळते.

फोटो किती अस्पष्ट आहे हे आकड्यातही सांगता येते. फरकांचे पुन्हा फरक घेऊन त्यांच्या वर्गांची बेरीज करायची. स्थिर ओळीसाठी ती ७२०० येते, हललेल्या ओळीसाठी ८००. नऊपट घट! एकाच दृश्याच्या अनेक फोटोंमधून सर्वांत स्पष्ट निवडायला हे माप उपयोगी पडते. पण कणकणीचे फरकही यात मोजले जातात, त्यामुळे अंधारातला अस्पष्ट फोटो कणांच्या जोरावर स्पष्ट ठरू शकतो.

आता दुरुस्ती. नेहमीची युक्ती फिल्म धुण्याच्या अंधारखोलीतून आली आहे. तिथे निगेटिव्हवर त्याचीच मुद्दाम धूसर केलेली पॉझिटिव्ह प्रत ठेवून छपाई करत. संगणक हेच आकड्यांत करतो: फोटोची आणखी धूसर प्रत काढायची, ती मूळ फोटोतून वजा करायची आणि उरलेला फरक मूळ फोटोत मिळवायचा. हललेल्या ओळीवर तीन-तीनच्या सरासरीने ही क्रिया केली, की मिळते:

```
80  73  100  120  147  140
```

मोठ्यात मोठा फरक २० वरून २७ झाला, त्यामुळे डोळ्याला कड अधिक तीक्ष्ण वाटते. मात्र ७३ आणि १४७ या छटा तिथे मुळात नव्हत्याच. मात्रा वाढवली, की अक्षराभोवती उजळ किनार दिसू लागते. फोटो जास्त ‘शार्प’ केल्याची हीच खूण.

हालचाल नेमकी तीन पिक्सेलांची होती हे माहीत असेल, तर सरासरीची क्रिया गणिताने उलटवण्याचा प्रयत्न करता येतो. त्याने पुष्कळ साधते, पण सगळे नाही. पाटीच्या कोपऱ्यात एका पिक्सेल जाडीच्या उभ्या रेघांची नक्षी आहे असे समजू: दोन पांढरे पिक्सेल, एक काळा, पुन्हा दोन पांढरे, एक काळा. १४०, १४०, ८० यांची सरासरी १२०. एक घर पुढे सरकून घेतली तरी १२०, आणखी सरकले तरी १२०च. नक्षीच्या जागी सपाट करडा पट्टा येतो आणि तिथे कोरा करडा रंग असता तरी आकडे हेच आले असते. त्या पट्ट्यात वजा करायला फरकच नाही, म्हणून नुसत्या या फोटोवरून कोणताही फिल्टर ती नक्षी परत आणू शकत नाही. शटर सेकंदाचा चारशेवा भाग उघडे ठेवले असते, तर पाटी अर्धाच सेंटीमीटर, म्हणजे एका पिक्सेलहून कमी सरकली असती आणि रेघा फिक्या का होईना, उमटल्या असत्या.