कवितेआधीची पाच मिनिटं

इंग्रजीच्या अभ्यासक्रमात पहिल्या महायुद्धाची कविता असली, की सेमिनारसाठी हमखास निवडली जाते ती विल्फ्रेड ओवेनची ‘डल्चे एट डेकोरम एस्ट’. कविता २८ ओळींची, मोठ्याने वाचायला जेमतेम दोन मिनिटं लागतात. तिच्याआधी विद्यार्थ्याला पाचेक मिनिटांचं प्रास्ताविक करायचं असतं आणि गाडी तिथेच घसरते. ओवेन कुठे जन्मला, कुठे शिकला, युद्धकवितेची वैशिष्ट्यं कोणती, हे सगळं सांगून झालं की ‘या कवितेतून युद्धाची भीषणता दिसते’ असं एक वाक्य येतं आणि मग वाचन सुरू होतं. तोवर निष्कर्ष वहीत उतरवून झालेला असतो. मग कविता ऐकायची कशाला?

प्रास्ताविकाचं काम खरं तर फार मर्यादित आहे. कविता कानावर पडताना श्रोता जिथे अडखळणार, ती जागा आधी मोकळी करून द्यायची. या कवितेत अशा जागा थोड्याच आहेत, पण त्या नेमक्या ओळखाव्या लागतात.

पहिली जागा शीर्षकाची. ते लॅटिन आहे आणि रोमन कवी होरेसच्या एका ओळीचा तो पहिला अर्धा भाग आहे. देशासाठी मरण येणं गोड असतं, शोभून दिसतं, अशा अर्थाची ती ओळ. ओवेनने तिचा उरलेला भाग कवितेच्या अगदी शेवटी ठेवला आहे. अनेक शिक्षकांना वाटतं, की हा अर्थ शेवटपर्यंत झाकून ठेवला तर परिणाम वाढेल. माझं मत उलट आहे. ओवेनच्या काळातल्या शिकलेल्या इंग्रज वाचकाला ती ओळ शाळेपासून पाठ असायची. १९१३मध्ये सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयातल्या चॅपलच्या भिंतीवरही ती कोरली गेली होती. तो वाचक ती ओळ मनात धरूनच कविता वाचत होता. आपल्या वर्गाला शेवटी तळटीप वाचून अर्थ कळला, तर घाव बसण्याच्या क्षणी मुलं शब्दार्थ लिहून घेत असतील. म्हणून हे आधी सांगायचं.

दुसरी जागा विषारी वायूची. लष्करी तुकडी थकून, पाय ओढत तळाकडे परतते आहे. मागे तोफगोळे पडताहेत. गोळ्यांसाठी कवितेत आलेला आकडा म्हणजे जर्मन तोफांचे ५.९ इंची गोळे, एवढं सांगितलं की पुरे. मग वायूचा हल्ला होतो. सगळे घाईघाईने मुखवटे चढवतात, एकाला ते वेळेत जमत नाही. मुखवट्याच्या धूसर काचेतून, हिरवट उजेडात, निवेदक त्याला बुडताना पाहतो. इथे वर्ग म्हणतो, वा, काय प्रतिमा! पण क्लोरीन किंवा फॉस्जीन छातीत गेला की फुप्फुसांत द्रव साचतो आणि माणूस कोरड्या जमिनीवर अक्षरशः बुडून मरतो. ही वैद्यकीय माहिती आधी कळली, की ऐकणारा त्या शब्दाला अलंकार समजत नाही. जर्मनांनी क्लोरीनचा पहिला मोठा हल्ला २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ केला. चारच दिवसांनी तिथे लढायला उतरलेल्या लाहोर डिव्हिजनचे हिंदी सैनिकही वायूत सापडले. आपल्या वर्गात हे एक वाक्य जरूर सांगावं.

तिसरी जागा ‘तुम्ही’ची. कविता ‘आम्ही’पासून निघते, ‘मी’वर येते आणि शेवटच्या कडव्यात थेट समोरच्याशी बोलू लागते. हा समोरचा कोण? हस्तलिखितात कविता जेसी पोप या बाईंना उद्देशून होती. तरुणांनी भरती व्हावं म्हणून त्या वृत्तपत्रांत चटपटीत पद्यं लिहीत, युद्धाला खेळाची उपमा देत. नंतर ओवेनने ते नाव काढून टाकलं. प्रास्ताविकात या दोन्ही गोष्टी सांगाव्यात. नुसतं नाव सांगितलं, तर कविता एका बाईशी झालेलं भांडण वाटते आणि वर्गातला प्रत्येक जण सुटकेचा श्वास सोडतो.

एवढं धरून केलेलं प्रास्ताविक साधारण असं होईल:

“मित्रांनो, आता आपण जी कविता ऐकणार आहोत, तिचा पहिला खर्डा विल्फ्रेड ओवेनने ऑक्टोबर १९१७मध्ये एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात लिहिला. तो २४ वर्षांचा होता, इंग्रजी सैन्यात अधिकारी होता आणि आघाडीवरच्या अनुभवांनी मन कोलमडल्यामुळे उपचार घेत होता. कवितेत मध्येच एक स्वप्न येईल, तेव्हा हे आठवा. शीर्षक होरेसच्या ओळीतून आलं आहे. देशासाठी मरणं गोड आणि शोभिवंत असतं, असं ती सांगते. तिचा दुसरा भाग शेवटी येईल. मध्ये वायूचा हल्ला आहे. असा वायू छातीत गेला की फुप्फुसांत पाणी भरतं. शेवटी कवी कुणाशी तरी बोलू लागेल. आधी त्याने तिथे युद्धाची जाहिरात करणाऱ्या एका कवयित्रीला उभं केलं होतं, नंतर तिचं नाव काढलं. ऐकताना एकच करा. दुसरं आणि तिसरं कडवं संपेल तिथे कान द्या. यमकासाठी नवा शब्द मिळाला असता. ओवेन कोणता शब्द पुन्हा घेतो, ते ओळखा.”

हे सावकाश बोललं तरी दोन मिनिटांच्या आसपास संपतं. उरलेली मिनिटं भरायची गरज नाही. शेवटचं काम मात्र महत्त्वाचं आहे, कारण त्यामुळे मुलं कवितेचा आशय शोधत बसत नाहीत, कविता ऐकतात. दुसरं कडवं सहा ओळींचं, तिसरं फक्त दोन ओळींचं. दोन्ही मिळून यमकांची आठ ओळींची वीण पुरी होते. म्हणजे कडवं तुटलं तरी वीण तुटत नाही, आणि दोन्ही कडव्यांच्या शेवटी बुडण्याचाच शब्द येतो. स्वप्नात प्रसंग संपत नाही, हे कवीने यमकातूनच घडवलं आहे. वाचणाऱ्याने या दोन कडव्यांमध्ये खरोखर थांबायला हवं. शेवटची ओळही आखूड आहे, नेहमीच्या दहा अवयवांऐवजी सहाच. तिथे आवाज नाट्यमय केला की सगळं फुकट जातं.

आता मोह पडणाऱ्या गोष्टी. ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्ध संपायला आठवडा उरला असताना मारला गेला आणि घरी तार पोहोचली ती युद्धविरामाच्या दिवशी. टागोरांच्या ओळी त्याने जवळ लिहून ठेवल्या होत्या, आईने पुढे टागोरांना पत्रही लिहिलं. भारतीय वर्गाला हे भिडतंच. पण ते आधी सांगितलं, तर मुलं कवितेतल्या त्या अनाम सैनिकाला विसरून ओवेनसाठीच हळहळतात. प्रास्ताविक फसलं की नाही, ते वाचनानंतरच्या पहिल्या प्रश्नावरून कळतं. ‘सर, तो कसा मेला?’ असा प्रश्न आला आणि ‘तो’ म्हणजे कवी असेल, तर फसलं.

चरित्र चर्चेच्या अखेरीस सांगा आणि त्यानंतर कविता पुन्हा एकदा पूर्ण वाचा. वेळ कमी पडला तर प्रास्ताविक कापा, दुसरं वाचन कापू नका.