बिअरच्या चवीमागचे पाणी

बोअरच्या जड पाण्यात तूरडाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, हे घरोघरी ठाऊक असते. पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांचा हा परिणाम. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असल्याने ती बनवणाऱ्यांनाही पाण्याचा हा स्वभाव सांभाळून घ्यावा लागतो. पाणी कोणत्या बिअरला मानवते, हे मात्र ते नुसते जड की मऊ यावरून कळत नाही.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे युरोपातील दोन गावे. चेक प्रजासत्ताकातील पिल्सेनचे पाणी अतिशय मऊ आहे. लिटरमागे कॅल्शियम जेमतेम १० मिलिग्रॅम. इंग्लंडमधील बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या विहिरींत ते ३०० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे सुमारे तीसपट. तरीही एकोणिसाव्या शतकात दोन्ही गावे फिकट रंगाच्या, हॉप्सच्या कडवट चवीच्या बिअरसाठीच नावारूपाला आली. बर्टनमध्ये सॅम्युअल ऑलसॉप यांनी १८२०च्या दशकात हिंदुस्थानात पाठवण्यासाठी फिकट एल बनवली. पिल्सेनमध्ये जोसेफ ग्रोल यांनी १८४२ मध्ये सोनेरी लागर बनवली. लंडनच्या पाण्याचा जडपणा या दोन टोकांच्या मधला. पण लंडनची ख्याती होती ती गडद तपकिरी पोर्टरची. बर्टनसारखी फिकट बिअर तिथे जमेना, तेव्हा इंड कूप (१८५६) आणि ट्रुमन (१८७३) यांसारख्या कंपन्यांनी थेट बर्टनमध्येच कारखाने घेतले.

मग मधल्या पाण्यात बिनसत होते ते काय? त्याचे उत्तर बिअरच्या पहिल्या पायरीत आहे. सातूला मोड आणून तो वाळवला की त्याचे माल्ट होते. भरडलेले माल्ट साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर भिजवतात. या लगद्याला मॅश म्हणतात. त्यात माल्टमधील विकरे, म्हणजे एन्झाइम्स, पिष्टमय पदार्थांची साखर करतात. मॅशचा सामू ५.२ ते ५.६ असला की हे काम नीट होते. सामू त्याच्या वर गेला, की साखर कमी सुटते आणि माल्टच्या सालीतील टॅनिन पाण्यात उतरते. फार वेळ उकळलेला चहा जिभेला जसा तुरट ओढतो, तशी ती बिअर लागते. फिकट बिअरमध्ये हा दोष झाकायला दुसरी चव नसते.

सामू ठरवताना पाण्यातील दोन घटक एकमेकांविरुद्ध ओढतात. चुनखडीच्या खडकातून आलेल्या पाण्यात बायकार्बोनेट असते. ते आम्ल शोषून घेते आणि सामू वर नेते. कॅल्शियम उलटे वागते. माल्टमधील फॉस्फेटशी त्याचा संयोग होऊन साका खाली बसतो, त्या क्रियेत आम्ल सुटते आणि सामू उतरतो. मॅग्नेशियमही हेच करते, पण दुबळेपणाने.

जर्मन शास्त्रज्ञ पॉल कोलबाख यांनी १९५३ मध्ये या ओढाताणीचा हिशेब मांडला. पाण्याची आम्ल शोषण्याची क्षमता घ्यायची आणि तीतून कॅल्शियमचा ३.५ ने भागून आलेला आणि मॅग्नेशियमचा सातवा हिस्सा वजा करायचा. उरते ती शिल्लक क्षारता. तुलनेसाठी सर्व घटक खडूच्या मापात, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या मिलिग्रॅममध्ये मोजतात.

आता गावांचे हिशेब पाहू. पाण्याची पृथक्करणे थोडीफार बदलतात, पण चित्र तेच राहते. पिल्सेनमध्ये दोन्ही बाजूंना फारसे काही नाही. शिल्लक दहाच्या आसपास. बर्टनमध्ये क्षमता सुमारे २२०, पण कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून जवळपास तेवढीच वजावट करतात. शिल्लक जवळजवळ शून्य. लंडनची क्षमता १३०, वजावट मात्र ४० च्या आत. शिल्लक ९० च्या वर. म्युनिकची शिल्लक तर दीडशेच्याही पुढे. म्हणजे मॅशच्या दृष्टीने सर्वांत मऊ आणि सर्वांत जड पाणी शेजारी शेजारी बसते, आणि लंडन, म्युनिक दूर राहतात.

लंडन आणि म्युनिकला तोड मिळाली ती भाजलेल्या माल्टमध्ये. माल्ट जास्त भाजले की ते गडद होते आणि त्यात आम्ल पदार्थ तयार होतात. शुद्ध पाण्यात फिकट माल्टच्या मॅशचा सामू ५.७ च्या आसपास येतो. काळ्या माल्टचा पाचाच्याही खाली जातो. पाण्यातील जादा क्षारता हे आम्ल खाऊन टाकते आणि सामू योग्य पट्ट्यात येतो. लंडनची पोर्टर आणि म्युनिकची तपकिरी लागर तिथल्या पाण्याला अशा मानवल्या. उलट, पिल्सेनच्या मऊ पाण्यात भरपूर काळे माल्ट घातले तर आम्ल शोषायला काहीच नसते, आणि बिअर आंबटसर, कडक लागू शकते.

पिल्सेन आणि बर्टनचा मॅश सारखा वागत असला, तरी बिअरची चव सारखी नसते. बर्टनच्या जमिनीत जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट आहे. तिथल्या पाण्यात लिटरमागे ६०० मिलिग्रॅमहून अधिक सल्फेट सापडते. त्याने हॉप्सचा कडवटपणा कोरडा, धारदार होतो. पिल्सेनच्या पाण्यात सल्फेट नावापुरते असल्याने भरपूर हॉप्स घालूनही कडवटपणा मवाळ राहतो.

हे कारण उमगल्यावर गाव बदलण्याची गरज उरली नाही. रसायनतज्ज्ञ सी. डब्ल्यू. व्हिन्सेंट यांनी १८७८ मध्ये बर्टनच्या पाण्यातील जिप्समकडे बोट दाखवले, आणि पाण्यात जिप्सम घालण्याच्या पद्धतीला ‘बर्टनायझेशन’ असे नाव पडले. समजा, लंडनसारखे १०० लिटर पाणी आहे. त्यात ५० ग्रॅम जिप्सम घातले, तर लिटरमागे सुमारे ११६ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २८० मिलिग्रॅम सल्फेट वाढते. शिल्लक क्षारता नव्वदवरून दहाच्या जवळ येते, आणि त्या पाण्यात फिकट एल जमू शकते.

पण याच मार्गाने पिल्सेनची बिअर बनत नाही, कारण सामू सुधारला तरी सल्फेटची धार येतेच. तिथे बायकार्बोनेट काढून टाकावे लागते. पाणी आधी उकळले की त्याचा बराचसा भाग खडूच्या रूपाने तळाशी बसतो. घरच्या किटलीत साचणारा पांढरा थर तो हाच. मूळ पाण्यातील सल्फेट आणि सोडियम मात्र उकळून जात नाहीत. त्यासाठी आरओने पाणी जवळपास कोरे करून हवे तेवढेच क्षार परत घालतात. जिप्समचा हात सैल सुटला, तर बिअर खरखरीत आणि खनिजांच्या चवीची होते.

हिशेब बरोबर उतरला की नाही, हे मॅशच सांगते. माल्ट भिजवून पंधरा मिनिटे झाली की चमचाभर द्रव काढायचा, थंड करायचा आणि त्याचा सामू मोजायचा. आकडा ५.६ च्या वर दिसला, तर त्याच वेळी थोडे लॅक्टिक आम्ल घालून तो खाली आणता येतो. साली वेगळ्या करून झाल्यावर मात्र उतरलेले टॅनिन परत काढणे अवघड असते.