गेस्टने हात धरला तर?

समजा, सकाळचे ११ वाजलेत. हाउसकीपिंगची एक मुलगी ४१२ नंबरच्या खोलीत चादर बदलते आहे. बाथरूममधून गेस्ट बाहेर येतो, दार लोटतो आणि ‘बस ना जरा’ म्हणत तिचा हात धरतो.

अशा वेळी अंथरूण अर्धवट टाकून तिने तडक बाहेर पडावं. अपुऱ्या कामाबद्दल तिला कुणी बोलणार नाही, हे हॉटेलच्या धोरणात स्पष्ट लिहिलेलं हवं. ते नसलं की मुली ओरडा बसेल म्हणून खोलीतच थांबतात. बाहेर आल्यावर फ्लोअर सुपरवायझरला किंवा थेट ड्यूटी मॅनेजरला सांगायचं, आणि घडलेलं त्याच दिवशी लिहून काढायचं: खोली, वेळ, गेस्ट काय बोलला, कुठे हात लावला, कॉरिडॉरमध्ये कोण होतं. कॉरिडॉरच्या सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, त्यामुळे ते जपून ठेवा, असं मॅनेजरला लेखी कळवावं. कार्डाने उघडणाऱ्या कुलपात दार कधी उघडलं याची नोंद असते, तीही मागावी.

खरी अडचण पुढे येते. गेस्ट हॉटेलचा नोकर नाही. त्याचा पगार कापता येत नाही, त्याला निलंबितही करता येत नाही. मग ‘जाऊ दे, उद्या चेकआउट आहे’ म्हणून विषय मिटवला जातो, आणि त्या मुलीलाच लॉन्ड्रीत पाठवतात. हा तिच्यावर अन्याय आहे. तिची इच्छा असेल तरच तिची जागा बदलावी; एरवी त्या खोलीत पुरुष कर्मचारी पाठवावा किंवा गेस्टलाच खोली सोडायला सांगावी.

२०१३च्या कायद्याने ही जबाबदारी मालकावरच टाकली आहे. कामाच्या जागी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही कर्मचारी महिलेला सुरक्षित ठेवणं हे त्याचं कर्तव्य आहे. तिला पोलिसांत जायचं असेल तर त्याने मदत करायलाच हवी. नको तिथे स्पर्श, शरीरसुखाची मागणी, अश्लील शेरे हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ खाली गुन्हे आहेत.

हॉटेलात १० किंवा अधिक माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती असावीच लागते. तिची अध्यक्ष महिला असते, एक सदस्य बाहेरचा असतो. तक्रार लेखी द्यायची. लिहिता येत नसेल तर समितीने लिहायला मदत करायची. छोट्या लॉजमधल्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. कंत्राटदाराकडून आलेल्या मुलीही या कायद्यात येतात. पुरुष वेटर मात्र येत नाहीत, म्हणून हॉटेलच्या स्वतःच्या धोरणात त्यांचा उल्लेख मुद्दाम करून घ्यावा.

तक्रारीची मुदत घटनेपासून ३ महिने आहे. सबळ कारण असेल तर समिती ती आणखी ३ महिने वाढवू शकते.